बिअर, डायपर आणि हरवलेला छेद

आजचा भाग एका गोष्टीपासून सुरू करतो, जी तुम्ही कॉलेजात, इंटरव्ह्यूमध्ये किंवा एखाद्या प्रेझेंटेशनमध्ये नक्की ऐकली असेल. अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटने आपली सगळी बिलं कॉम्प्युटरला खायला घातली. कॉम्प्युटर म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळी बाळाचे डायपर घ्यायला आलेले तरुण बाप सोबत बिअरही उचलतात. मग दुकानदाराने दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं आणि विक्री भरमसाट वाढली.

मी ही गोष्ट बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला ऐकली आणि पुढची पाच-सहा वर्षं खरी मानली. नंतर कामावर स्वतः असाच हिशोब करायची वेळ आली आणि मी तो चुकवला. कसा चुकवला ते शेवटी सांगतो. पण त्या चुकीमुळे मी मागे जाऊन वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की या सगळ्या विषयाचा इतिहास म्हणजे खरं तर एका छेदाचा इतिहास आहे. शाळेतला अंश-छेद, तोच छेद. 'किती लोकांनी दोन्ही घेतलं' हा अंश. 'कितीपैकी' हा छेद. अंश सगळ्यांना लगेच दिसतो. छेद सापडायला वेळ लागला.

सुरुवात बारकोडपासून करू. 26 जून 1974 ला ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात, मार्श नावाच्या सुपरमार्केटमध्ये, ज्युसी फ्रूट च्युइंगगमचं एक पाकीट स्कॅनरवरून गेलं. यूपीसी बारकोड वाचून झालेली ही पहिली विक्री. त्याआधी कॅश रजिस्टरला फक्त रक्कम कळायची. आता प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ तयार व्हायला लागली: हे बिल, ही वस्तू, ही वेळ. या ओळी साठवायच्या मुख्यतः स्टॉक मोजण्यासाठी. पण एकाच बिल नंबरच्या ओळी एकत्र केल्या की त्या माणसाची अख्खी पिशवी पुन्हा उभी राहते. यालाच नंतर 'मार्केट बास्केट' म्हणायला लागले.

आता बिअर आणि डायपरकडे येऊ. या दंतकथेच्या मुळाशी खरं काम आहे. 1992 मध्ये टेराडेटा कंपनीच्या रिटेल सल्लागार गटाचे प्रमुख थॉमस ब्लिशॉक आणि त्यांच्या टीमने ऑस्को ड्रग या दुकानांच्या साखळीतल्या साधारण 25 दुकानांची 12 लाख बास्केट तपासली. डेटाबेसवर क्वेऱ्या लिहून कुठल्या वस्तू एकत्र जातात ते शोधलं. त्यात संध्याकाळी 5 ते 7 या वेळात बिअर आणि डायपर एकत्र घेतले जातात असं दिसलं. बस, एवढंच. शुक्रवार, तरुण बाप, हे सगळं सांगणाऱ्यांनी मागाहून चिकटवलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑस्कोच्या लोकांनी वस्तू शेजारी ठेवल्याच नाहीत. म्हणजे विक्री वाढल्याचा किस्सा घडलेलाच नाही.

पण मला खटकतं ते वेगळंच. समजा गोष्ट शब्दशः खरी आहे. तरी 'एकत्र घेतात' म्हणजे किती? 5 ते 7 ही ऑफिस सुटायची वेळ. त्या वेळात लोक सगळंच जास्त घेतात. मग ही बिअर आणि डायपरची जोडी आहे, की दोघांचीही संध्याकाळशी जोडी आहे?

कागदावर करून बघू. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. दिवसा 1000 बिलं. त्यात 5 टक्के लोकांनी बिअर घेतली, 2 टक्के लोकांनी डायपर, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणजे दोन्ही असलेलं बिल सरासरी एक. संध्याकाळी 1000 बिलं. आता बिअर 20 टक्के, डायपर 8 टक्के, आणि इथेही काही संबंध नाही. म्हणजे दोन्ही असलेली बिलं 16. सगळी 2000 बिलं एकत्र केली तर बिअर 250 बिलांत, डायपर 100 बिलांत, दोन्ही 17 बिलांत. संबंध नसता तर 2000 पैकी साडेबारा बिलांत दोन्ही दिसायला हवं होतं. दिसलं 17 मध्ये, म्हणजे जवळजवळ 36 टक्के जास्त. दिवसा संबंध नाही, संध्याकाळी संबंध नाही, पण एकत्र केलं की संबंध दिसतो. कारण छेदात आपण दोन वेगळ्या गर्दी मिसळल्या.

हा जो 'साडेबाराच्या जागी सतरा' हिशोब केला, त्याला आज आपण लिफ्ट म्हणतो. पण 1992-93 मध्ये हे माप या कामात रुळलेलं नव्हतं. तिथपर्यंत यायला दोन पायऱ्या लागल्या.

पहिली पायरी 1993 ची. कॅलिफोर्नियात सॅन होजेत आयबीएमचं आल्माडेन संशोधन केंद्र होतं. तिथले राकेश अग्रवाल आणि अरुण स्वामी, आणि त्यांच्यासोबत तोमाश इमिएलिन्स्की, या तिघांनी त्या वर्षीच्या सिग्मॉड परिषदेत एक पेपर मांडला. अग्रवाल हे रुरकीत शिकलेले. या पेपरने दोन मापं पक्की केली. सपोर्ट म्हणजे एकूण बिलांपैकी किती टक्के बिलांत दोन्ही वस्तू आहेत. कॉन्फिडन्स म्हणजे पहिली वस्तू असलेल्या बिलांपैकी किती टक्के बिलांत दुसरीही आहे.

त्यांनी एका मोठ्या रिटेल कंपनीचा डेटा घेतला: 46,873 बिलं आणि 63 विभाग. एकेक वस्तू नाही हां, विभाग. टायर, कपडे, वॉशिंग मशीन वगैरे. त्यातून निघालेला एक नियम असा: ज्याने टायर घेतले त्याने गाडीच्या सर्व्हिसिंग विभागातूनही काही घेतलं. कॉन्फिडन्स 98.80 टक्के, सपोर्ट 5.79 टक्के. दुसरा: गाडीच्या ॲक्सेसरीज आणि सर्व्हिसिंग, सपोर्ट 11.81 टक्के. ॲक्सेसरीजकडून सर्व्हिसिंगकडे कॉन्फिडन्स 79.51, उलट दिशेने 71.60.

आता गंमत बघा. या नियमांसोबत लिफ्ट छापलेली नाही, पण छापलेल्या आकड्यांतूनच ती काढता येते. सर्व्हिसिंगच्या बिलांपैकी 71.60 टक्के बिलांत ॲक्सेसरीज आहेत आणि ती एकूण बिलांच्या 11.81 टक्के. म्हणजे 11.81 ला 0.7160 ने भागा. उत्तर येतं साधारण 16.5. सर्व्हिसिंग एकूण बिलांच्या साडेसोळा टक्के बिलांत आहे. कुठलाही माणूस उचला, त्याच्या बिलात सर्व्हिसिंग असण्याची शक्यता साडेसोळा टक्के. टायर घेतलेला उचला, तर 98.80. एकाला दुसऱ्याने भागलं की येतात साधारण 6. ही लिफ्ट. टायरवाल्याकडे सर्व्हिसिंग सहापट जास्त दिसतं.

हा 6 आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. आणि हेही बघा की लिफ्ट 6 असली तरी यात शोध काहीच नाही. जिथे टायर घेतले तिथेच ते बसवून घेतले, त्याचं बिल सर्व्हिसिंगमध्ये गेलं. मोठी लिफ्ट म्हणजे जोडी खरी आहे, उपयोगाची आहेच असं नाही.

मध्ये एक छोटा थांबा, कारण मोजणं स्वतःच एक अडचण होती. 63 विभागांच्या जोड्या 1953, त्या वहीतही मावतील. पण 10,000 वस्तू असतील तर जोड्या होतात जवळजवळ पाच कोटी. तेव्हाच्या मशीनच्या मेमरीत एवढे काउंटर ठेवणं अवघड होतं. 1994 मध्ये अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी चिलीतल्या सँटियागोला झालेल्या परिषदेत अप्रायोरी नावाची पद्धत मांडली. कल्पना अगदी साधी. जोडी 1 टक्का बिलांत असेल, तर तिच्यातली प्रत्येक वस्तू निदान 1 टक्का बिलांत असणारच. मग आधी एकेकट्या वस्तू मोजा, 1 टक्क्याखालच्या काढून टाका आणि उरलेल्यांच्याच जोड्या करा. एका बिलात सरासरी 6 वस्तू असतील, तर 1 टक्क्याच्या वर जास्तीत जास्त 600 वस्तू असू शकतात, कारण सगळ्या वस्तूंच्या टक्क्यांची बेरीज 600 च्या पुढे जाऊच शकत नाही. 600 वस्तूंच्या जोड्या होतात 1,79,700. पाच कोटींवरून दोन लाखांच्या आत.

सपोर्टची मर्यादा मोजणी आटोक्यात ठेवायला अशी कामी आली. पण ती फक्त मेमरी वाचवण्यासाठी नव्हती, अगदी थोड्या बिलांवर उभे असलेले नियम गाळण्यासाठीही होती. हे बरेच जण विसरतात.

आता दुसरी पायरी, 1997. स्टॅनफर्डमध्ये सर्गेई ब्रिन (हो, पुढच्या वर्षी गूगल सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक) आणि राजीव मोटवानी यांनी इतरांसोबत त्या वर्षी या विषयावर दोन पेपर लिहिले. एकात चहा-कॉफीचं उदाहरण आहे, जे मला या सगळ्या साहित्यातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण वाटतं. 100 बिलं. चहा 25 मध्ये, कॉफी 90 मध्ये, दोन्ही 20 मध्ये. चहावाल्या 25 पैकी 20 जणांनी कॉफी घेतली, म्हणजे कॉन्फिडन्स 80 टक्के. 1993 च्या मापाने हा झकास नियम: चहा घेणारे कॉफी घेतात.

पण कॉफी तर 90 टक्के लोक घेतातच! चहावाल्यांत उलट कमी, 80 टक्के. 80 भागिले 90 म्हणजे 0.89. एकच्या खाली. म्हणजे चहा घेणाऱ्याच्या बिलात कॉफी असण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आहे. कॉन्फिडन्स 'जोडी' म्हणत होता, खरी गोष्ट 'फारकत' होती. कारण कॉन्फिडन्सच्या छेदात पहिली वस्तू आहे, पण दुसरी वस्तू मुळात किती खपते हे कुठेच नाही. तो राहिलेला छेद लिफ्टने आणला. तेव्हा त्यांनी त्याला 'इंटरेस्ट' म्हटलं होतं, लिफ्ट हे नाव नंतर रूढ झालं.

लिफ्ट लक्षात ठेवायची सोपी रीत म्हणजे 'प्रत्यक्ष भागिले अपेक्षित'. दोन वस्तू एकमेकींना ओळखतही नसत्या तर किती बिलांत एकत्र आल्या असत्या, आणि आल्या किती. एक म्हणजे अनोळखी. एकच्या वर म्हणजे ओढ. एकच्या खाली म्हणजे एक आली की दुसरी टळते.

आता माझी फजिती. हा सगळा इतिहास माहीत नसताना मी एका किराणा डिलिव्हरी कंपनीत होतो. नाव सांगत नाही. मला सांगितलं, ऑर्डरच्या ओळींवरून एकत्र जाणाऱ्या जोड्या काढ, त्यांवर ऑफर लावायची आहे. लायब्ररी न वापरता मी थेट एसक्यूएल लिहिलं. फॉर्म्युला बरोबर होता. फक्त 'एकूण' म्हणून मी टेबलमधल्या ओळी मोजल्या, ऑर्डरी नाही.

आकडे गोल करून सांगतो. ऑर्डरी 10,000, ओळी 60,000. दूध 6000 ऑर्डरींत, ब्रेड 2000 मध्ये, दोन्ही 1200 मध्ये. खरा हिशोब असा: ब्रेडवाल्यांपैकी 60 टक्के लोकांनी दूध घेतलं, आणि सगळ्यांपैकीही 60 टक्केच घेतात. लिफ्ट बरोबर एक. अनोळखी! माझ्या हिशोबात 10,000 च्या जागी 60,000 बसले आणि लिफ्ट आली 6. टायर-सर्व्हिसिंगची जेवढी, तेवढीच. तिथे खरी, इथे निव्वळ माझ्या छेदाची चूक.

आणि ही चूक लपते कशी बघा. प्रत्येक जोडीची लिफ्ट त्याच सहापटीने वाढते. त्यामुळे क्रम अजिबात बदलत नाही, यादी शहाण्यासारखी दिसते. बदलते फक्त 'एक'ची रेषा. मी लिफ्ट 2 च्या वरच्या जोड्या ठेवल्या आणि त्यांना संख्येने उतरत्या क्रमाने लावलं. सगळ्यात वर दूध-ब्रेड. ऑफर ठरली: ब्रेड घेतलात तर दुधावर 5 रुपये सूट.

दहा हजार ऑर्डरींमागे 1200 लोक हे दोन्ही असंही घेतच होते. म्हणजे 6000 रुपये फुकट वाटले, आणि ते त्या स्टोअरच्या मार्जिनमधून गेले. त्या महिन्यात पॅकिंगच्या पोरांचा इन्सेंटिव्ह कमी झाला, कारण तो मार्जिनवर ठरायचा. मी कारण शोधायला स्टोअरवर गेलो, तर तिथले मॅनेजर काका म्हणाले, "अहो सर, दूध कशात नसतं? तुम्ही दुधाबरोबर काहीही लावा, जोडी जमणारच." मी म्हटलं, "काका, पण लिफ्ट सहा आहे." ते म्हणाले, "आमच्याकडे लिफ्ट नाही, जिनाच आहे." ते मस्करी करत होते की नाही, मला अजून कळलेलं नाही. पण चहा-कॉफीचा अख्खा पेपर त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

परत येऊन मी सगळ्यात खालच्या लिफ्ट बघितल्या. नेहमीच्या खपाच्या वस्तूंत एकच्या खाली जवळपास एकही जोडी नव्हती. तिथेच कळायला हवं होतं. दुकानात बऱ्याच वस्तू एकमेकींना अनोळखी असतात, काही एकमेकींना टाळतात. एका कंपनीचं दूध घेतलं की दुसऱ्या कंपनीचं सहसा घेत नाहीत. खपाच्या सगळ्याच वस्तूंना एकमेकींची ओढ दिसली, तर छेद चुकला आहे असं समजा.

दुरुस्त करताना दुसरी चूकही सापडली. दुधाच्या दोन बॅच असतील तर एकाच ऑर्डरमध्ये दुधाच्या दोन ओळी यायच्या. टेबल स्वतःशीच जोडलं की दुधाच्या दोन ओळी आणि ब्रेडची एक, म्हणजे एका ऑर्डरमधून दोन जोड्या मोजल्या जायच्या. म्हणून आधी ऑर्डर आणि वस्तू यांची एकच ओळ ठेवायची, मग मोजायचं. ऐकणाऱ्यांनी हा तुकडा सोडून द्या, वाचणाऱ्यांसाठी देतो:

```sql
WITH b AS (
  SELECT DISTINCT order_id, item_id FROM order_rows
), n AS (
  SELECT COUNT(DISTINCT order_id) AS total FROM b
), s AS (
  SELECT item_id, COUNT(*) AS c FROM b GROUP BY item_id
), p AS (
  SELECT x.item_id AS i, y.item_id AS j, COUNT(*) AS c
  FROM b x JOIN b y
    ON x.order_id = y.order_id AND x.item_id < y.item_id
  GROUP BY x.item_id, y.item_id
)
SELECT p.i, p.j, p.c,
       1.0 * p.c / n.total AS support,
       1.0 * p.c * n.total / (s1.c * s2.c) AS lift
FROM p
JOIN s s1 ON s1.item_id = p.i
JOIN s s2 ON s2.item_id = p.j
CROSS JOIN n
WHERE p.c >= 50
ORDER BY lift DESC;
```

यात `n` कडे नीट बघा. तो जोड्यांच्या टेबलवरून काढलेला नाही. तसा काढला तर एकच वस्तू असलेल्या ऑर्डरी गळतात, कारण त्यांची जोडीच होत नाही. मग छेद लहान होतो आणि लिफ्ट असायला हवी त्यापेक्षा कमी येते. `x.item_id < y.item_id` मुळे दूध-ब्रेड आणि ब्रेड-दूध वेगळे मोजले जात नाहीत.

शेवटची `p.c >= 50` ही अट का? समजा केशर एकाच ऑर्डरमध्ये गेलं, कापूर एकाच ऑर्डरमध्ये गेला, आणि योगायोगाने ती ऑर्डर एकच निघाली. लिफ्ट किती? 1 गुणिले 10,000 भागिले 1 गुणिले 1. दहा हजार! यादीत सगळ्यात वर, आणि आधार एका माणसाच्या पिशवीचा. सपोर्टची मर्यादा 1994 मध्ये मेमरीसाठीही उपयोगी होती. आज मेमरी भरपूर आहे, तरी ती ठेवायची ती यासाठी.

नीट केलेल्या यादीत दूध-ब्रेड गायब झालं. वर काय आलं? इडली रवा आणि उडीद डाळ. रवा 300 ऑर्डरींत, डाळ 400 मध्ये, दोन्ही 90 मध्ये. अनोळखी असते तर 12 मध्ये आले असते. लिफ्ट साडेसात. काकांना यादी दाखवली तर म्हणाले, "हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं." खरं आहे. टायर आणि सर्व्हिसिंगसारखंच.

मग यावर ऑफर लावायची का? इथे लिफ्ट गप्प बसते. ती सांगते की लोक आज काय एकत्र घेतायत. पाच रुपये सूट दिली तर रवा घेणारे आणखी किती जण डाळ घेतील, हे तिला माहीत नाही. त्यासाठी काही ग्राहकांना सूट द्यायची, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना करायची. आम्ही पुढच्या महिन्यात तेच केलं, आधी एका स्टोअरवर, आणि त्याचा खर्च स्टोअरच्या मार्जिनमध्ये न धरता.

म्हणून पुढच्या वेळी कुणी तुम्हाला बिअर आणि डायपरची गोष्ट सांगितली, तर मजा घ्या, गोष्ट छान आहे. फक्त शेवटी एवढंच विचारा: कितीपैकी? आणि त्याच वेळात बिअर मुळात किती जण घेत होते?

चला, आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.